एकाच प्रश्नाला दोन नव्या चॅटमध्ये दोन उत्तरं का येतात, आणि आवडलेलं उत्तर तिथल्या तिथे कसं साठवायचं

प्रश्न: मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. वार्षिक सभेची नोटीस एआयकडून लिहून घेतली, फार छान आली. म्हटलं उद्या निवांत कॉपी करू. दुसऱ्या दिवशी नवीन चॅट उघडून तोच प्रश्न, एक अक्षर न बदलता, टाकला तर भलतीच नोटीस आली. पहिलीत १४ दिवस आधी नोटीस द्यावी असं होतं, दुसरीत १५ दिवस. असं का होतं? आणि पहिली परत कशी मिळवू?

उत्तर:

आधी हातातलं काम उरका. नव्या चॅटमध्ये तोच प्रश्न पुन्हा पुन्हा टाकू नका, त्या वाटेने पहिली नोटीस परत येणार नाही. जुन्या चॅटची यादी उघडा आणि शोधाच्या चौकटीत त्या नोटिशीतला एखादा ठळक शब्द टाका, जसं ‘ताळेबंद’, ‘विषयपत्रिका’ किंवा तुमच्या इमारतीचं नाव. चॅट सापडली की वर सरकत मूळ मजकुरापर्यंत जा आणि तिथूनच कॉपी करा. चॅटमध्ये ‘ती पहिली नोटीस परत दे’ असं मात्र लिहू नका, त्याचं कारण पुढे येईल. तुम्ही इतिहासात न राहणारी तात्पुरती चॅट वापरली असेल, किंवा लॉगिन न करता काम केलं असेल, तर ती नोटीस गेली असं धरा आणि नव्याने लिहून घेण्याच्या तयारीला लागा.

आता हे का होतं ते पाहू. बहुतेकांची समजूत अशी असते की प्रश्नाचं उत्तर आत कुठेतरी तयार ठेवलेलं आहे आणि विचारलं की ते बाहेर येतं. तसं काहीही ठेवलेलं नसतं. भाषा-मॉडेल उत्तर विचारल्यावरच रचायला घेतं, तेही तुकड्या-तुकड्याने. या तुकड्यांना टोकन म्हणतात. इंग्रजीतला नेहमीचा शब्द बरेचदा एका टोकनात बसतो; मराठी शब्दाचे अनेकदा दोन, तीन किंवा जास्त तुकडे पडतात. प्रत्येक तुकडा लिहिताना मॉडेल तोवरचा सगळा मजकूर, म्हणजे तुमचा प्रश्न आणि स्वतः आतापर्यंत लिहिलेलं उत्तर, विचारात घेतं आणि पुढे काय येऊ शकतं याची शक्यतांसकट यादी काढतं. त्या यादीतून एक तुकडा निवडला जातो, तो मजकुराला जोडला जातो, आणि पुढच्या तुकड्यासाठी हेच सगळं परत होतं.

निवड कशी होते, ते तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. समजा नोटिशीच्या सुरुवातीला तीन पर्याय आहेत: ‘सर्व सभासदांना’ची शक्यता १०० पैकी ६०, ‘सन्माननीय सभासद’ची ३० आणि ‘प्रिय सभासद’ची १०. (आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, आणि सोयीसाठी तुकड्यांऐवजी पूर्ण शब्द धरले आहेत.) चॅटच्या साधनांत दर वेळी पहिला पर्यायच उचलला जात नाही. या वजनांनुसार चिठ्ठी काढली जाते. दहा चॅट उघडल्या तर साधारण सहांमध्ये ‘सर्व सभासदांना’ येईल, तिघांमध्ये ‘सन्माननीय’ आणि एखादीत ‘प्रिय’. दोन नव्या चॅटची सुरुवात या एकाच ठिकाणी जुळण्याची शक्यता निम्म्याहूनही थोडी कमी, १०० पैकी ४६ आहे.

ही चिठ्ठी किती मोकळी ठेवायची हे एका आकड्यावर ठरतं, त्याला टेम्परेचर म्हणतात. तो १ असताना वजनं आहेत तशीच राहतात. ०.५ केला तर वरच्याच उदाहरणात ६०, ३०, १० चे अंदाजे ७८, २०, २ होतात, म्हणजे पहिल्या पर्यायाचं पारडं जड होतं आणि शेवटचा जवळपास बाद होतो. नेहमीच्या चॅटच्या पडद्यावर हा आकडा आपल्याला दिसत नाही आणि बदलताही येत नाही. तो शून्य का ठेवत नाहीत, असं कुणी विचारेल. कायम सर्वांत संभाव्य तुकडाच उचलत गेलं की लेखन सपक होतं, आणि लांब मजकुरात तीच वाक्यं फिरून फिरून येऊ लागतात. तुम्हाला पहिल्या दिवशीची नोटीस ‘फार छान’ वाटली, त्यात या मोकळीकीचाही हात आहे.

पण पहिला शब्द बदलला म्हणून अख्खी नोटीस का बदलावी? कारण निवडलेला शब्द पुढच्या प्रत्येक निवडीत सामील होतो. ‘सर्व सभासदांना या नोटिशीद्वारे कळविण्यात येते की’ अशी सुरुवात झाली की पुढचं सगळं कार्यालयीन वळणावर जातं: कर्मणी प्रयोग, क्रमांक घातलेले विषय, शेवटी ‘आदेशावरून’. ‘प्रिय सभासद’ अशी सुरुवात झाली की तोच मजकूर पत्राच्या वळणावर जातो आणि विषयांच्या आधी दोन ओळींचं आवाहन येतं. शिवाय फाटा फुटण्याची जागा एकच नसते. दोन उत्तरं प्रत्येक पायरीला जुळण्याची शक्यता अगदी १०० पैकी ९५ धरली, तरी सलग १०० पायऱ्या जुळण्याची शक्यता हजारात सहाच्या आसपास उरते. एका पानाच्या मराठी नोटिशीत १०० पेक्षा कितीतरी जास्त टोकन असतात. म्हणून तुमची पहिली नोटीस जशीच्या तशी पुन्हा येणं व्यवहारात अशक्यच समजा. तुमचं यात काही चुकलेलं नाही.

जे तांत्रिक बाजू पाहतात आणि प्रोग्राममधून मॉडेल वापरतात त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो. तिथे जे मॉडेल परवानगी देतं त्याचं टेम्परेचर शून्य ठेवता येतं आणि उत्तरं बरीच जवळ येतात. तरीही ती अक्षरशः एकच येतील याची हमी नसते. संगणकाच्या दशांश बेरजा क्रमानुसार किंचित बदलतात. पायथनमध्ये हे करून पाहा:

```python
(0.1 + 0.2) + 0.3   # 0.6000000000000001
0.1 + (0.2 + 0.3)   # 0.6
```

मॉडेल चालवणाऱ्या सर्व्हरवर तुमच्या प्रश्नाबरोबर इतरांचेही प्रश्न एकाच गठ्ठ्यात मोजले जातात. गठ्ठा लहान-मोठा झाला की आतल्या बेरजांचा क्रम बदलू शकतो. दोन पर्यायांची वजनं अगदी काठावर असतील तर एवढ्याशा फरकानेही दुसरा पर्याय वर येतो, आणि तिथून पुढची वाट वेगळी होते.

आणखी एक, ‘नवीन चॅट’ ही कोरी पाटी असतेच असं नाही. साधनाची मेमरी चालू असेल तर आधीच्या बोलण्यातल्या गोष्टी गुपचूप प्रश्नासोबत जातात. आजची तारीख बहुधा आत दिलेली असते. वेबवर शोध घेतला गेला असेल तर त्या क्षणी जी पानं मिळाली त्यांचा रंग उत्तराला लागतो. फुकटच्या वापराची मर्यादा संपली की काही साधनं हलक्या मॉडेलवर सरकवतात. प्रश्न तोच असला तरी मॉडेलपुढे गेलेला मजकूर तोच होता असं म्हणता येत नाही.

आता १४ आणि १५ कडे येतो, कारण मला तुमच्या प्रश्नात तीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘सन्माननीय’ आणि ‘प्रिय’ यांतला फरक आवडीचा आहे, कुठलाही चालेल. दिवसांच्या आकड्याचं तसं नाही, तिथे बरोबर उत्तर एकच आहे. मॉडेल मात्र दोन्ही ठिकाणी एकाच रीतीने चिठ्ठी काढतं. ‘सभेच्या किमान’ यापुढे त्याच्या यादीत १४ असतो, १५ असतो, कदाचित २१ ही असतो, कारण सहकारी संस्था, कंपन्या, मंडळं यांच्या असंख्य नोटिसा आणि नियम त्याने वाचलेले असतात आणि कंपनी कायद्यात सर्वसाधारण सभेसाठी २१ पूर्ण दिवस लागतात. ज्या गोष्टीबद्दल मॉडेलची खात्री घट्ट असते तिथे एका पर्यायाचं वजन इतकं जास्त असतं की कितीही चॅट उघडा, तेच येतं. आकडा बदलतोय याचा अर्थ वजन दोन-तीन ठिकाणी वाटलं गेलं आहे. वाक्य मात्र दोन्ही वेळा सारख्याच ठामपणे लिहिलं जातं, म्हणून एकच चॅट पाहिली तर ही डळमळ कळत नाही.

हा दोष तपासणीसाठी वापरता येतो. नोटीस, अर्ज, करार असं काही लिहून घेतलं की तोच प्रश्न आणखी दोन नव्या चॅटमध्ये टाका आणि तिन्ही उत्तरांतल्या तारखा, दिवस, रकमा, कलमं आणि नावं तेवढी शेजारी ठेवून बघा. शब्दरचनेकडे दुर्लक्ष करा. जो आकडा तिन्हींत एकसारखा आला नाही, तो मॉडेलवर सोडायचा नाही, मूळ कागदात जाऊन पाहायचा. मर्यादाही लक्षात ठेवा: तिन्हींत एकच आकडा आला म्हणजे तो बरोबरच असं होत नाही. चुकीची गोष्ट सगळीकडे छापली गेली असेल तर मॉडेल तीच चूक न चुकता देतं. ज्या आकड्यावर कायदेशीर काही अवलंबून आहे तो जुळला तरी मूळ कागदाशी ताडून पाहावाच लागतो.

तुमच्या बाबतीत मूळ कागद म्हणजे तुमच्या संस्थेचे नोंदणीकृत उपविधी. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी १४ पूर्ण दिवसांची नोटीस सांगितली आहे. तुमच्या प्रतीत तेच आहे ना ते पाहून घ्या. ‘पूर्ण दिवस’ मोजताना नोटीस दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही धरत नाहीत. समजा सभा रविवारी, २७ सप्टेंबर २०२६ ला ठेवली आहे. मधले १४ दिवस १३ ते २६ सप्टेंबर असे पडतात, म्हणून नोटीस उशिरात उशिरा १२ सप्टेंबरला सभासदांच्या हाती पडायला हवी. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि सभा त्यानंतर सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते, तेव्हा पुढे ढकलायला फारशी जागा उरत नाही. हा हिशेब एआयच्या दोन्ही नोटिशींत नसणार, आणि असला तरी कॅलेंडर समोर घेऊन बोटांवर मोजा. दिवस मोजताना एका दिवसाची चूक मॉडेलकडून सहज होते.

आता साठवण्याबद्दल. उत्तर पुन्हा निर्माण होत नाही हे एकदा मनात बसलं की ‘लगेच’ म्हणजे कधी याचं उत्तर स्वच्छ आहे: वाचून आवडलं, की पुढचं काहीही टाइप करायच्या आधी. बहुतेक चांगली उत्तरं टॅब बंद केल्यामुळे जात नाहीत. ती ‘आणखी थोडं लहान कर’, ‘भाषा जरा सोपी कर’ अशा पुढच्या सूचनांत जातात. पाच सूचनांनंतर हाती येते ती पाचव्यांदा लिहिलेली नोटीस, आणि वाटेत विषयपत्रिकेतला एखादा मुद्दा गळालेला असतो.

अशा वेळी माणूस स्वाभाविकपणे म्हणतो, ‘पहिल्यासारखी परत दे.’ इथे फसगत होते. मॉडेल जुना मजकूर उचलून समोर ठेवत नाही, वरच्या मजकुराकडे पाहून तो पुन्हा तुकड्या-तुकड्याने लिहितं. बहुतेक शब्द जुळतात, पण एखादं वाक्य बदलतं, ‘लेखापरीक्षित ताळेबंद’चा नुसता ‘ताळेबंद’ होतो, आणि वरवर पाहणाऱ्याला ते कळत नाही. चॅट फार लांबली असेल तर सुरुवातीचा भाग मॉडेलच्या नजरेच्या कक्षेबाहेरही गेलेला असू शकतो, मग ते अंदाजाने लिहितं. मूळ हवं असेल तर स्वतः वर सरकायचं आणि कॉपी करायचं. ‘पुन्हा तयार करा’चं बटण दाबलं असेल तर काही साधनांत उत्तराखाली लहान बाण आणि `2/2` असा आकडा दिसतो, डावीकडचा बाण दाबला की आधीचं उत्तर दिसतं.

काय साठवायचं? नुसतं उत्तर ठेवलं तर वर्षभराने ते कुठून आलं हे आठवत नाही. मी पाच गोष्टी एकत्र ठेवतो: तारीख, साधन आणि पडद्यावर दिसणारं मॉडेलचं नाव, वेब-शोध चालू होता की नाही, प्रश्न जसाच्या तसा, आणि उत्तर जसंच्या तसं. त्याखाली ‘तपासलं’ अशी एक ओळ. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ते असं दिसतं:

```
तारीख: 2026-09-05
साधन व मॉडेल: (पडद्यावरचं नाव)
वेब-शोध: बंद
प्रश्न: ...
उत्तर: ...
तपासलं: 14 दिवस - उपविधीशी जुळलं
        विषय क्र. 4 - अजून बाकी
```

‘तपासलं’ ही ओळ सेक्रेटरीसाठी फार मोलाची आहे. पुढच्या वर्षी तुमच्या जागी दुसरं कुणी असेल. नोटिशीतली कोणती वाक्यं कागदाशी ताडलेली आहेत आणि कोणती मॉडेलने आपल्या मनाने घातली आहेत, हे त्यांना या ओळीवरून कळेल. दुरुस्त केलेली नोटीस वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, मूळ उत्तरावर हात फिरवू नका.

फाइलचं नाव तारखेने सुरू करा, जसं `2026-09-05-agm-notice.txt`, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. विंडोजच्या नोटपॅडमध्ये साठवताना एन्कोडिंग `UTF-8` आहे ना ते बघा. `ANSI` निवडलं गेलं तर मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात आणि ती परत येत नाहीत. साठवल्यावर फाइल एकदा बंद करून उघडून पाहायला दहा सेकंद लागतात. मोबाइलवर काम करत असाल तर गूगल डॉक्समध्ये चिकटवा, किंवा घाईत असाल तर व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवा, पण त्याच दिवशी नीट जागी हलवा. उत्तराखालच्या कॉपीच्या बटणाने मजकुरासोबत `**` आणि `##` अशी चिन्हं येऊ शकतात. ती ठळक अक्षरांची आणि मथळ्यांची आहेत. साठवलेल्या प्रतीत राहू द्या, सूचना फलकावर लावायच्या प्रतीतून काढा.

स्क्रीनशॉटवर भिस्त ठेवू नका. त्यातून मजकूर परत काढताना जोडाक्षरं आणि अनुस्वार बिघडतात, आणि लांब नोटीस एका चित्रात मावत नाही. चॅटची शेअर करायची लिंकही साठवण म्हणून धरू नका. मूळ चॅट पुसली किंवा खातं बंद झालं तर लिंकचा भरवसा नाही, आणि ज्याच्या हाती ती पडेल त्याला आतलं दिसतं. थकबाकीदारांची नावं, फ्लॅट क्रमांक, फोन नंबर असं काही त्या चॅटमध्ये टाकलं असेल तर लिंक बनवूच नका.

साठवलेल्या उत्तराचा सगळ्यात मोठा उपयोग मात्र पुढे होतो. पहिली नोटीस सापडली नाही तर तुम्ही नवी लिहून घ्याल. ती चांगली आली की साठवा, आणि पुढच्या वेळी मूळ प्रश्न न टाकता तीच नोटीस नमुना म्हणून चिकटवा. समोर पूर्ण मजकूर असला की मॉडेलच्या जवळजवळ प्रत्येक निवडीत एकाच पर्यायाचं वजन खूप वाढतं आणि चिठ्ठीला फार वाव उरत नाही. त्यासोबतची सूचना अशी लिहा:

```
खाली आमच्या संस्थेची गेल्या वर्षीची नोटीस आहे.
हीच रचना आणि हीच वाक्यं ठेव.
फक्त पुढचे बदल कर: सभेची तारीख, वेळ, ठिकाण, विषय क्र. 4.
दुसरं काहीही बदलू नको आणि काहीही वाढवू नको.
शेवटी कोणकोणते शब्द बदललेस त्यांची यादी दे.
```

शेवटची यादी सोयीची आहे, पण तीही मॉडेलनेच लिहिलेली असते, त्यामुळे तिच्यावर विसंबू नका. वर्डमध्ये जुनी आणि नवी नोटीस `Compare` ने शेजारी लावली की बदललेला प्रत्येक शब्द रंगीत दिसतो. तारीख, वेळ, ठिकाण आणि चौथा विषय सोडून कुठेही रंग दिसला, तर तेवढी ओळ जुन्या फाइलमधून परत आणा.